रिकाम्या तारखेचा भाव

मंगल कार्यालयाच्या मालकाला ‘यंदा कसं काय?’ असं विचारलं, की उत्तर तारखांत येतं. ‘शंभर तारखा गेल्या’, ‘ऐंशीच गेल्या, वर्ष मंदीचं.’ कऱ्हाड-विटा पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका मालकांनी आपली २०२४-२५ची बुकिंगची वही आणि खर्चाच्या पावत्या मला बघायला दिल्या. नाव-गाव छापायचं नाही, एवढीच अट होती. त्यामुळे त्यांना इथे आबा म्हणतो. घरात सगळे त्यांना तेच म्हणतात. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. कार्यालय चारशे पानांचं, म्हणजे पंगतीत एकूण चारशे माणसं जेवतील एवढं. वर वधूपक्षाच्या चार खोल्या, मागे जानवसघर, पुढे गाड्या लावायला अर्धा एकर.

आबांच्या तोंडी आकडा शंभरचाच होता, आणि वहीत खरोखरच शंभर नोंदी होत्या. फक्त त्यातल्या सात लाल शाईने खोडलेल्या होत्या. लग्न मोडलं, घरात कुणी गेलं, मुलाला परदेशातून रजा मिळाली नाही, अशी कारणं बाजूला लिहिलेली. उरल्या त्र्याण्णव. त्यांत ४६ लग्नं, ३४ छोटे प्रसंग (साखरपुडा, मुंज, डोहाळजेवण, वाढदिवस), सभा आणि शिबिरं मिळून १०, आणि कपडे-चादरींच्या सेलच्या तीन नोंदी. सेलची एकेक नोंद आठ दिवसांची होती. म्हणजे वहीतली एक ओळ कधी अर्ध्या दिवसाची, तर कधी आठवड्याहून जास्त काळाची. ओळी मोजून कार्यालय किती भरलं हे कळत नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो.

तारखा मोजाव्यात, तर तिथेही पेच आहे. आपल्याकडे लग्नासाठी कार्यालयाचा ताबा आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला मिळतो. रात्री सीमंतपूजन, जेवणं, मुक्काम. दुसऱ्या दिवशी दुपारचं लग्न, पंगती, पाठवणी, आणि पाचपर्यंत कार्यालय मोकळं. कॅलेंडरवर या लग्नाने दोन तारखा अडवल्या, पण कार्यालय खरं तर एकच दिवस वापरलं गेलं. हे लग्न पाचला बाहेर पडतं तेव्हा पुढचं फाटकाशी उभं असू शकतं. म्हणून दिवसाचे दोन भाग धरायचे, सकाळचं सत्र आणि संध्याकाळचं सत्र. लग्न म्हणजे आदली संध्याकाळ आणि त्या दिवशीची सकाळ, अशी दोन सत्रं. साखरपुडा किंवा सभा म्हणजे एक. सेलचा प्रत्येक दिवस म्हणजे दोन.

या मापाने वर्षात विकायला ७३० सत्रं असतात. आबांची गेली १८४: लग्नांची ९२, छोट्या प्रसंगांची ३४, सेलची ४८, सभांची १०. म्हणजे कार्यालय २५ टक्के भरलं. कॅलेंडरवर ज्या तारखेला काही तरी लिहिलंय ती प्रत्येक तारीख भरलेली धरली, तर हाच आकडा ४४ टक्क्यांच्या आसपास जातो. आबांचा मुलगा तिसरंच सांगतो. तो म्हणतो, लोक ज्या तारखांना भांडतात अशा तारखा वर्षात साठ. त्यातल्या चाळीस लग्नांना गेल्या. मग आपण ६७ टक्के भरलोय की!

तिन्ही बेरजा बरोबर आहेत, पण प्रत्येकीतून वेगळ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ४४ टक्क्यांचा आकडा फक्त पाहुण्यांना सांगायला बरा. मुलाचा ६७ टक्के तेजीच्या दिवसांत काय चुकतंय ते दाखवतो, त्याकडे पुढे येतोच. पहारेकऱ्याचा पगार आणि बँकेचा हप्ता मात्र तेजी-मंदी बघत नाहीत. ते ३६५ दिवस चालतात, म्हणून उत्पन्न भागायचं तेही ३६५नेच. काही मालक पावसाळ्यात रंगकामासाठी बंद ठेवलेले दिवस भाजकातून वजा करतात आणि सरासरी छान दिसते. ते करू नये. रंगकाम त्या दिवसांत काढलं, कारण गिऱ्हाईक नव्हतं. मंदी झाकायला रंगाचा डबा कशाला?

आता भाजायची रक्कम, म्हणजे उत्पन्न. आबांच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे ‘एकूण जमा’ होती, आणि तिच्यात तीन परक्या गोष्टी मिसळल्या होत्या. पहिली अनामत, काच फुटली नाही तर ती परत द्यायची असते. दुसरी जीएसटी. कार्यालयाच्या भाड्यावर तो १८ टक्के आहे आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली, की नोंदणी चुकत नाही. गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा पैसा आपला नव्हे. तिसरी गोष्ट मीटर बघून घेतलेलं वीजबिल आणि जनरेटरचं डिझेल. ते जसं आलं तसं गेलं. ही तिन्ही वगळून, आणि दरपत्रकातला ४५ हजारांचा आकडा सोडून प्रत्यक्ष हातात पडलेलं भाडं धरून (ओळखीपाळखीत सरासरी चार हजार सुटतातच), लग्नाला ४१ हजार पडले. छोट्या प्रसंगाला १३ हजार, सेलच्या दिवसाला साडेचार हजार, सभेला सात. सगळं मिळून वर्षाचे २५ लाख ६ हजार.

खोडलेल्या सात नोंदींपैकी काहींचा बयाणा आबांनी ठेवून घेतला होता. तो मी या बेरजेत धरला नाही. तारीख विकली गेली नाही, दंड मिळाला; दोन्ही एकाच रकान्यात गेले की पुढच्या वर्षीचा अंदाज फसतो. पुढच्या वर्षीच्या लग्नाचा यंदा आलेला बयाणाही असाच बाजूला ठेवला. उत्पन्न कार्य पार पडलं त्या महिन्यात लिहायचं, पैसे आले त्या महिन्यात नव्हे.

२५ लाख ६ हजारांना ३६५ने भागलं, की दिवसाला ६,८६६ रुपये येतात. हॉटेलवाले खोल्यांसाठी हाच हिशेब करतात आणि त्याला ‘रेव्हपार’ म्हणतात: विकायला असलेल्या प्रत्येक खोलीमागे, ती विकली गेली असो वा नसो, आलेलं उत्पन्न. दहा खोल्यांचा लॉज असेल तर दहा गुणिले ३६५ रात्री भाजकात येतात, बाकी तर्क हाच. कार्यालयात खोलीच्या जागी दिवस आला एवढंच. गंमत अशी, की आबांच्या मते त्यांचं कार्यालय ‘दिवसाला चाळीस हजार’ कमावतं. लग्नाच्या दिवसाला कमावतं. सगळ्या दिवसांना मिळून पावणेसात.

महिन्यावारी हाच आकडा काढला तर वर्षाचा उतार-चढाव डोळ्यांसमोर येतो. डिसेंबरमध्ये आठ लग्नं आणि चार साखरपुडे झाले, दिवसाला सव्वाबारा हजारांच्या जवळपास पडले. सप्टेंबर २०२४मध्ये ७ तारखेला गणपती बसले, १७ला अनंत चतुर्दशी आणि लगेच १८पासून पितृपक्ष. दोन सभा आणि एक वाढदिवस एवढंच आलं, म्हणजे दिवसाला ९०० रुपये. एरवी चांगला जाणारा मे महिनाही त्या वर्षी पडला. २०२४च्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता आणि मे महिन्यात गुरूचाही. पंचांगात नेहमीचे विवाहमुहूर्त नव्हते. काढीव मुहूर्तांवर चार लग्नं झाली. आदल्या मे महिन्यात ती अकरा होती. हे ध्यानात न घेता दोन वर्षांच्या बेरजा शेजारी ठेवल्या, तर मालक उगाच स्वतःला किंवा समोर झालेल्या नव्या लॉनला दोष देत बसतो.

आता खर्चाकडे. आबांनी पहिल्यांदा सांगितलं, वर्षाला साडेनऊ लाखांच्या वर सुटतात. त्यांनी जे खर्च लिहिले होते ते असे: पहारेकरी आणि कायमचा सफाई कामगार यांचे पगार २ लाख ५२ हजार, नगरपालिकेचा मालमत्ता कर १ लाख १० हजार, विजेचा स्थिर आकार आणि कार्य नसताना जळणारे दिवे-पंप ९६ हजार, विमा आणि अग्निशमन यंत्रणेची तपासणी ४६ हजार, रंग, गळती, नळ, फरशी मिळून २ लाख ४० हजार, बँकेचं व्याज ४ लाख. या सगळ्याशिवाय दोन गोष्टी होत्या, ज्यांची पावती कोणी फाडत नाही. एक म्हणजे आबा स्वतः. सकाळी नऊ ते रात्री अकरा ते तिथेच असतात, चौकशीचे फोन घेतात, आचाऱ्याशी भांडतात, भांडी मोजून घेतात. उद्या त्यांच्या जागी माणूस ठेवला तर १८ हजारांखाली कोणी येणार नाही, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. दुसरी गोष्ट घसारा. जनरेटर, एसी, चारशे खुर्च्या, टेबलं, गाद्या हे सगळं दर काही वर्षांनी बदलावं लागतं. वर्षाचा वाटा ३ लाख ६० हजार धरला. स्थिर खर्च झाला १७ लाख २० हजार, म्हणजे दिवसाला ४,७१२ रुपये.

याखेरीज प्रत्येक कार्यामागे होणारा खर्च वेगळा. जादा सफाईवाल्या बायका, पाण्याचा टँकर, फुटतूट. लग्नाला तो सहा हजार पडतो, छोट्या प्रसंगाला अडीच, सेलच्या दिवसाला किंवा सभेला एकेक हजार. वर्षाचे ३ लाख ९५ हजार. सगळं वजा जाता आबांना उरले ३ लाख ९१ हजार, म्हणजे दिवसाला हजारभर. ‘मग जागा भाड्याने देऊन घरी बसलो असतो तर?’ असं आबांनी विचारलं. तो प्रश्न रास्त आहे, कारण जागेची किंमत या हिशेबात कुठेच नाही.

एका लग्नातून सहा हजार वजा जाता ३५ हजार हाती राहतात. नुसत्या लग्नांवर स्थिर खर्च भागवायचा तर वर्षाला पन्नास लग्नं लागतील. झाली ४६. म्हणजे आबा ज्यांना किरकोळ समजतात ते साखरपुडे, सेल आणि सभा यांतून सुटलेले पाच लाख एक हजार नसते, तर वर्ष १ लाख १० हजारांनी तोट्यात गेलं असतं. अर्थात, लग्नं आधी मोजली म्हणून हे असं दिसतं. उलट क्रमाने मोजलं तर नफा लग्नांच्या नावावर पडेल. तरी मंदीच्या महिन्यांत कार्यालय कशावर चालतं ते यातून दिसतंच.

रोजचा स्थिर खर्च ४,७१२ आणि सेलच्या दिवसाचा जादा खर्च १,०००, हे दोन आकडे जवळ असले की मालकाच्या हातून एक चूक हमखास होते. जुलैमध्ये सेलवाला व्यापारी आला, साडेचार हजार रोज म्हणाला. मुलगा म्हणाला, ‘आबा, आपल्याला रोजचा खर्चच सत्तेचाळीसशे पडतो. तोट्यात कशाला द्यायचं?’ ऐकायला बरोबर वाटतं, पण ते ४,७१२ कार्यालयाला कुलूप असलं तरी जाणारच आहेत. सेलमुळे नव्याने जातात ते फक्त हजार. उरलेले साडेतीन हजार, आठ दिवसांचे २८ हजार, एरवी आलेच नसते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासातल्या रिकाम्या तारखेचा किमान भाव हा कार्यामागच्या जादा खर्चाएवढा असतो, स्थिर खर्चाएवढा नव्हे. स्थिर खर्च वर्षाच्या बेरजेत भागवायचा असतो, रोजच्या रोज नाही.

याला मर्यादा आहेत. सेलच्या मालाच्या पेट्या ओढून फरशी खराब होते, आणि गावात ‘त्यांनी हजारात दिलं’ अशी बातमी फिरली की पुढच्या साखरपुड्याचा माणूस तोच भाव मागतो. म्हणून कमी दर द्यायचा तो लग्नाच्या गिऱ्हाइकाला कधीच मिळणार नाही अशा वेगळ्या कामासाठी आणि वेगळ्या दिवसांसाठी. तेराव्याच्या जेवणाला कार्यालय द्यायचं की नाही, हा मात्र हिशेबाचा प्रश्न नाही. आबा देत नाहीत, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

खरा पैसा हातून निसटत होता तो दुसऱ्या टोकाला, तेजीच्या साठ तारखांत. चाळीसांत लग्नं झाली. उरलेल्या वीस तारखा वहीत एकेक करून बघितल्या. पाच तारखांना सकाळीच वाढदिवस किंवा मुंज होती. सात तारखा पूर्ण रिकाम्या होत्या, पण त्यांच्या आदल्या संध्याकाळी कोणाचा तरी साखरपुडा किंवा वाढदिवस होता. आदली संध्याकाळ गेली की दुसऱ्या दिवसाचं लग्न घेता येत नाही, कारण सीमंतपूजनाला जागा नाही. तेरा हजारांच्या वाढदिवसाने एक्केचाळीस हजारांची तारीख अडवली, आणि अडवलेली तारीख वहीत ‘रिकामी’ म्हणून दिसली. उरलेल्या आठ तारखा कशा गेल्या ते वही सांगू शकत नाही.

कारण वहीत फक्त होकार लिहिलेले असतात. कोणी फोन केला, त्या तारखेला कार्यालय दिलेलं होतं, ते दुसरीकडे गेले. याची नोंद कुठेही राहत नाही. आबांच्या मुलाने मोबाइलवर अशा चौकशांचे संदेश जपले होते म्हणून ‘साठ तारखा’ हा आकडा तरी मिळाला. अडलेल्या बारा तारखांपैकी नऊ तारखांना कोणी ना कोणी लग्नासाठी विचारलं होतं.

मग वाढदिवसाला नाहीच म्हणायचं का? तेही नाही. हा पेच विमान कंपन्यांना फार आधी पडला. स्वस्त तिकीट आज विकावं, की शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या महागड्या प्रवाशासाठी खुर्ची राखावी? बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ साली त्याला साधा नियम दिला: स्वस्त गिऱ्हाइकाकडून मिळणारी रक्कम ही महागड्या गिऱ्हाइकाची रक्कम गुणिले ते येण्याची शक्यता यापेक्षा जास्त असेल, तरच आज विकायचं. आबांच्या वहीत हा नियम बसवला. वाढदिवसातून सुटतात साडेदहा हजार, लग्नातून पस्तीस. भागाकार तीस टक्के. म्हणजे त्या तारखेला लग्न येण्याची शक्यता तीस टक्क्यांपेक्षा जास्त वाटत असेल तर वाढदिवसाला थांबायला सांगायचं. कमी असेल तर बयाणा घेऊन मोकळं व्हायचं.

शक्यता कुठून आणायची? तीही वहीतून, फक्त त्यासाठी कार्याच्या तारखेशेजारी बुकिंग कधी झालं ती तारीख हवी. आबांच्या वहीत ती नव्हती, पण बयाण्याच्या पावतीपुस्तकात होती. ४६ लग्नांपैकी ३१ लग्नं तीन महिन्यांहून आधी ठरली होती, १० एक ते तीन महिन्यांत, आणि शेवटच्या महिन्यात फक्त ५. याचा अर्थ, तेजीची तारीख पाच महिने आधी वाढदिवसाला देऊन टाकणं घाईचं, आणि महिना राहिला तरी ती लग्नासाठी अडवून धरणं हट्टाचं. तेजीच्या तारखेची सकाळ आणि आदली संध्याकाळ, दोन्ही सत्रं, महिनाभर आधीपर्यंत राखायची आणि मग मोकळी करायची. एका वर्षाच्या ४६ लग्नांवरून काढलेला हा ठोकताळा आहे. तीन वर्षांच्या पावत्या काढल्या तर त्यावर जास्त भिस्त ठेवता येईल.

दर वाढवण्यावरून बाप-लेकाचं अजून जमलेलं नाही. मुलाला तेजीच्या तारखांना पाच हजार वाढवायचे आहेत. आबांना भीती, गिऱ्हाईक समोरच्या लॉनवर जाईल. त्यांची भीती खोटी नाही, पण ती मोजता येते. आज चाळीस लग्नांतून पस्तीस हजारांप्रमाणे चौदा लाख सुटतात. प्रत्येकी चाळीस हजार सुटले तर तेवढेच चौदा लाख पस्तीस लग्नांत येतात. पाच गिऱ्हाइकं गेली तरी जमा तेवढीच, आणि रिकाम्या झालेल्या पाच तारखांना साखरपुडे घेता येतात ते वेगळेच. ते साखरपुडे न धरता सहावं गेलं तर मात्र आबांचं खरं. ‘किती टक्के भरलं’ एवढंच बघणारा मालक हा निर्णय कधीच घेणार नाही, कारण त्यात टक्केवारी नक्की घसरते. दिवसामागचं उत्पन्न बघणारा निदान एक हंगाम करून बघेल.

लक्ष्मीपूजनाला आबांच्या नव्या वहीची पूजा होईल. तिच्यात पूर्वीच्या रकान्यांसोबत तीन नवे आखले आहेत: सत्र, बुकिंग झालेली तारीख, आणि शेवटी ‘नकार’, ज्यात परत गेलेली प्रत्येक चौकशी लिहायची. दरवाढीचा निर्णय तुळशीच्या लग्नापर्यंत लांबणीवर पडला आहे. २०२६मध्ये १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ येतो. ऐन उन्हाळ्याचा महिना लग्नांविना जाणार. छत गळतंय त्याचं काम आबांनी त्याच महिन्यासाठी ठेवलं आहे, आणि सेलवाल्या व्यापाऱ्याला जूनच्या पहिल्या आठवड्याचा भाव आत्ताच कळवला आहे: चार हजार रोज, फरशीवर जाजम त्याचं.